लसावि की मसावि? आकडेमोड बरोबर, पण निवड चुकते त्याचं काय करायचं

मसावि काढता येतो, लसावि काढता येतो, मूळ अवयव पाडताना एकही चूक होत नाही, आणि तरी शाब्दिक उदाहरण आलं की पोरगं अडकतं कारण यातलं नेमकं काय काढायचं हेच ठरत नाही. मी घरी पाचवी ते आठवीच्या मुलांच्या शिकवण्या घेते आणि दर वर्षी पालकांचं हेच म्हणणं असतं, ताई त्याला गणित येतं हो, पण या धड्यातली निम्मी उत्तरं चुकतात. निम्मी हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. दोनातलं एक निवडायचंय आणि निम्मी चुकतायत म्हणजे मूल विचार करून निवडत नाहीये, अंदाजाने निवडतंय, मग त्याला मसावि काढायची आणखी वीस गणितं घातली तरी काही फरक पडणार नाही कारण दुखणं तिथे नाहीच.

दुखणं बहुतेक वेळा एका सोप्या नियमात असतं. कुणीतरी कधीतरी सांगितलेलं असतं की प्रश्नात 'कमीत कमी', 'लहानात लहान' आलं की लसावि आणि 'जास्तीत जास्त', 'मोठ्यात मोठी' आलं की मसावि. पाठ करायला सोपं आहे, पुस्तकातल्या पहिल्या चार-पाच गणितांना लागूही पडतं, आणि म्हणूनच ते डोक्यात घट्ट बसतं. पुढे परीक्षेत नेमकी अशी गणितं येतात जिथे हा नियम उलटा पडतो, आणि मुलाला कळतच नाही कुठे चुकलं कारण त्याने तर 'नियमाने' केलेलं असतं.

माझ्या भाचीचंच सांगते, सातवीत आहे. तिच्या वहीत हे गणित होतं: एका खोलीची लांबी १४ फूट आणि रुंदी १० फूट आहे, तिच्या जमिनीवर एकाच मापाच्या चौरस फरश्या न कापता बसवायच्या आहेत, तर कमीत कमी किती फरश्या लागतील? तिने लसावि काढला, ७०, आणि उत्तर लिहिलं ७० फरश्या. आकडेमोड एकदम बरोबर. मी विचारलं लसावि का काढलास, तर म्हणाली, "मावशी, कमीत कमी लिहिलंय ना."

मी म्हटलं बरं, पण हे ७० म्हणजे काय गं? "फरश्या." अगं पण १४ आणि १० हे तर फूट आहेत, फुटांचा लसावि काढल्यावर फरश्या कशा येतील? जरा थांबली. "मग ७० फूट." कशाचे ७० फूट? "फरशीच्या बाजूचे." आणि खोली केवढी आहे? इथे तिने पेन खाली ठेवलं. १४ फुटाच्या खोलीत ७० फुटाची फरशी. पुढे मला काही बोलायची गरजच पडली नाही, तिने स्वतःच कागदावर आयत काढलं आणि आत चौकोन पाडायला लागली.

आयत काढल्यावर दिसतं ते असं, फरशी न कापता बसायची असेल तर तिच्या बाजूने १४ ला पूर्ण भाग जायला पाहिजे आणि १० लाही जायला पाहिजे. पूर्ण फुटात बघितलं तर अशा दोनच फरश्या आहेत, १ फुटाची आणि २ फुटाची. १ फुटाची घेतली तर १४ गुणिले १०, म्हणजे १४० फरश्या. २ फुटाची घेतली तर एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला ५, म्हणजे ३५ फरश्या. फरशी जितकी मोठी तितकी संख्या कमी. म्हणजे प्रश्नात 'कमीत कमी' लिहिलंय ते फरश्यांच्या संख्येबद्दल, आणि आपण मसावि काढतो तो फरशीच्या बाजूचा, ती हवी आहे मोठ्यात मोठी. 'कमीत कमी' हा शब्द खोटा नाही, पण तो ज्या गोष्टीला चिकटलाय ती गोष्ट मसावि-लसाविची नाहीच, ती त्यानंतरच्या पायरीची आहे. उत्तर ३५. (दोन बाय दोनची टाइल घरोघरी बसवतात, म्हणून हे माप मुद्दाम वापरते, ज्यांच्या घरी ती असेल त्या मुलांना सरळ जमिनीकडे बघून मोजता येतं.)

म्हणून माझा उपाय असा आहे की 'कमीत कमी' आणि 'जास्तीत जास्त' हे शब्द पहिल्यांदा वाचताना हाताने झाकायचे, खरंच बोट ठेवून झाकायचे, आणि त्याऐवजी दोन छोटे प्रत्यय शोधायचे, ने आणि ला. आपल्या भाषेत ही सोय आयती आहे. ही दोन वाक्यं सावकाश वाचा:

अशी संख्या, जिने ६० ला आणि ८४ ला पूर्ण भाग जातो.

अशी संख्या, जिला ६० ने आणि ८४ ने पूर्ण भाग जातो.

शब्द तेच, आकडे तेच, फक्त 'ने' आणि 'ला' यांनी जागा बदलली. पहिल्या वाक्यात आपली न सापडलेली संख्या भागणारी आहे, म्हणजे भाजक, तिचा मसावि, १२. दुसऱ्या वाक्यात ती भागली जाणारी आहे, म्हणजे भाज्य, तिचा लसावि, ४२०. नावातच लिहिलंय बघा, महत्तम सामाईक विभाजक आणि लघुत्तम सामाईक विभाज्य, पण मुलं 'मसावि', 'लसावि' एवढंच म्हणतात आणि शेवटचा 'वि' कशाचा ते विसरतात, दोन्हीकडे 'वि' आहे म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. महत्तम आणि लघुत्तम या पहिल्या शब्दांवर सगळा जोर जातो आणि खरा फरक शेवटच्या शब्दात आहे.

आता अडचण अशी की गोष्टीच्या गणितात 'भाग जातो' असं कुणी लिहीत नाही. तिथे फरश्या असतात, बस असतात, लाडू असतात. म्हणून मुलाकडून एकच काम करून घ्यायचं, आकडेमोडीला हात लावण्याआधी वहीत एक वाक्य लिहायचं ज्यात 'ने' आणि 'ला' आहे. खोलीच्या गणिताचं वाक्य होतं, फरशीच्या बाजूने १४ ला आणि १० ला भाग जायला हवा. न सापडलेली गोष्ट 'ने'वाली, म्हणून मसावि. हे वाक्य लिहिता आलं की निवड झालेलीच असते.

याच दुकानातलं दुसरं गणित घेते, मी ही दोन नेहमी लागोपाठ देते. बाथरूमच्या भिंतीला लावायच्या टाइल्स १२ इंच बाय १८ इंच आहेत, त्या सगळ्या एकाच दिशेने लावून लहानात लहान चौरस तयार करायचा आहे, तर चौरसाची बाजू किती? परत टाइल, परत चौरस, परत माप. भाचीने फरशी बघितली आणि लगेच मसावि काढायला घेतला, कारण आता तिच्या डोक्यात 'टाइल म्हणजे मसावि' असा नवा नियम तयार झाला होता! ही पुढची धोक्याची जागा आहे आणि ती दर वर्षी येते, मूल 'कमीत कमी'वाला नियम सोडतं आणि 'वस्तू'वाला नियम धरतं, टाइल म्हणजे मसावि, घंटा म्हणजे लसावि, दोरी म्हणजे मसावि, असं. वस्तूवरून काहीही ठरत नाही.

तिला म्हटलं वाक्य लिही. टाइलची बाजू तर दिलेली आहे, १२ आणि १८. माहीत नाही ते काय? मोठा चौरस. मग चौरसाच्या बाजूला १२ ने आणि १८ ने भाग जायला हवा. न सापडलेली गोष्ट आता 'ला'वाली झाली, लसावि, ३६ इंच, म्हणजे तीन फुटाचा चौरस. आडव्या ३, उभ्या २, एकूण ६ टाइल्स. आधीच्या गणितात खोली दिली होती आणि टाइल शोधायची होती, इथे टाइल दिली आहे आणि चौरस शोधायचाय. मोठी वस्तू दिलेली असून तिच्यात मावणारा तुकडा शोधत असाल तर मसावि, तुकडे दिलेले असून त्यांच्यापासून होणारी मोठी वस्तू शोधत असाल तर लसावि. हे बोलून दाखवायला चांगलं आहे पण मी वाक्य लिहायलाच लावते, कारण परीक्षेच्या घाईत बोललेलं आठवत नाही, हाताची सवय आठवते.

इथेच एक पटकन करायची तपासणी सांगते. मसावि दिलेल्या संख्यांमधल्या सगळ्यात लहान संख्येपेक्षा कधीच मोठा येत नाही, आणि लसावि सगळ्यात मोठ्या संख्येपेक्षा कधीच लहान येत नाही. म्हणजे वाक्य लिहिल्यावर, आकडेमोडीच्या आधी, विचारायचं की ही गोष्ट दिलेल्या आकड्यांपेक्षा छोटी असायला हवी की मोठी? फरशी खोलीपेक्षा छोटीच असणार. चौरस टाइलपेक्षा मोठाच असणार. फक्त ही तपासणी प्रश्नाच्या शेवटच्या उत्तरावर लावू नका. खोलीच्या गणितात शेवटचं उत्तर ३५ आहे आणि ते १४ पेक्षा मोठं आहे, एका मुलाने याच कारणाने बरोबर उत्तर खोडून लसावि काढला होता. तपासणी फरशीच्या बाजूवर लावायची, २ फुटावर, फरश्यांच्या संख्येवर नाही.

म्हणजे खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत, 'मसावि-लसावि कशाचा काढायचा' आणि 'शेवटी विचारलंय काय'. पोरं दोन्ही एकत्र करतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण वडापावचं आहे, ते मी शाळेच्या आनंदमेळाव्याच्या आधी देते म्हणजे लक्ष लागतं. पावाच्या एका लादीत ६ पाव येतात. कढईत एका घाण्यात ८ वडे तळून होतात. पाव आणि वडे अगदी सारखे व्हायला हवेत, एकही पाव किंवा वडा उरायला नको, तर कमीत कमी किती लाद्या आणाव्या लागतील?

मुलं लिहितात २४. वाक्य विचारलं तर वाक्यही बरोबर असतं, वडापावच्या संख्येला ६ ने आणि ८ ने भाग जायला हवा, म्हणून लसावि २४. निवड बरोबर, आकडेमोड बरोबर, उत्तर चूक, कारण २४ हे वडापाव आहेत आणि विचारल्यात लाद्या. २४ भागिले ६, चार लाद्या. आणि घाणे तीन. २४ लाद्या आणल्या तर १४४ पाव येतील, हे मुलाला तोंडी विचारा, लगेच हसून म्हणेल एवढे कशाला. म्हणून लसावि किंवा मसावि आल्यावर आकड्याच्या पुढे त्याचं नाव लिहायचंच, '२४ वडापाव', '२ फूट बाजू', '१८० मिनिटं', नुसता आकडा ठेवायचा नाही. नाव लिहिलं की प्रश्नातल्या नावाशी ते जुळतं का हे आपोआप बघितलं जातं. मला विचाराल तर या एका सवयीने जेवढे मार्क वाचतात तेवढे दुसऱ्या कशाने वाचत नाहीत.

बसच्या गणितात हीच गोष्ट आणखी एका ठिकाणी पकडते. एका स्टँडवरून एका गावाची एसटी दर २० मिनिटांनी आणि दुसऱ्या गावाची दर ४५ मिनिटांनी सुटते, सकाळी ६ वाजता दोन्ही एकदम सुटल्या, तर सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात त्या एकूण किती वेळा एकदम सुटतील? गोष्टीत भाग जाणं कुठेच दिसत नाही, म्हणून मुलं इथे अडकतात, तर त्यांना दोन ओळी लिहायला सांगायच्या:

पहिली: ०, २०, ४०, ६०, ८०, १००, १२०, १४०, १६०, १८०
दुसरी: ०, ४५, ९०, १३५, १८०

पहिल्या ओळीतल्या प्रत्येक आकड्याला २० ने भाग जातो, दुसरीतल्या प्रत्येकाला ४५ ने. दोन्हीत आलेला आकडा म्हणजे ज्या मिनिटाला २० नेही भाग जातो आणि ४५ नेही. 'ला'वाली, लसावि, १८० मिनिटं, म्हणजे दर ३ तासांनी. आता बारा तास भागिले तीन, चार, आणि इथे बहुतेक जण थांबतात. पण ६, ९, १२, ३, ६ असं बोटांवर मोजा, पाच वेळा येतं, कारण सुरुवातीची ६ ची वेळ पण मोजायची आहे. 'पहिल्यांदा एकदम सुटल्यानंतर परत किती वेळा' असं विचारलं असतं तर चार. ही चूक लसाविची नाहीच, पण घंटा, दिवे, बस यांच्या गणितात इतकी वारंवार होते की शेवटी वेळा लिहून काढायचा मी आग्रहच धरते.

आता तो 'मोठ्यात मोठी'चा सापळा, जो नियमवाल्यांना हमखास पकडतो. १००० पेक्षा लहान अशी मोठ्यात मोठी संख्या कोणती, जिला १२, १५ आणि १८ ने पूर्ण भाग जातो? 'मोठ्यात मोठी' वाचून मसावि काढला की येतो ३, आणि ३ ला १२ ने भाग जातो का हे बघायलाही कुणी थांबत नाही. 'जिला... ने' आहे, प्रत्यय समोर छापलेत, लसावि १८०. आता १८० च्या पटी, १८०, ३६०, ५४०, ७२०, ९००, पुढची १०८०, ती हजाराच्या वर गेली, म्हणून ९००. इथे 'मोठ्यात मोठी' हे शब्द लसावि काढून झाल्यावर कामाला येतात, कुठली पट निवडायची ते ठरवायला. बोट कधी काढायचं ते यावरून लक्षात येईल, आधी झाकायचे, निवड झाली की उघडायचे.

बाकी उरणाऱ्या गणितांना मुलं फार घाबरतात, पण ने-ला तिथेही तसंच चालतं, फक्त आधी की नंतर एवढंच बघायचं. समजा १२७ पेन आणि १५५ पेन्सिली जास्तीत जास्त मुलांना सारख्या वाटल्या, प्रत्येक मुलाला सारखे पेन आणि सारख्या पेन्सिली, तर १ पेन आणि १ पेन्सिल उरते. उरलेलं वाटलंच गेलं नाही, मग ते आधी बाजूला काढा, १२६ आणि १५४ उरले. मुलांच्या संख्येने १२६ ला आणि १५४ ला भाग जायला हवा, मसावि १४, चौदा मुलं, प्रत्येकी ९ पेन आणि ११ पेन्सिली. 'ने'वाल्यात बाकी आधी वजा होते कारण ती दिलेल्या संख्यांना चिकटलेली असते.

आणि 'ला'वालं असेल तर? कवायतीला मुलं ६-६, ८-८ किंवा ९-९ च्या रांगेत उभी केली तर प्रत्येक वेळी शेवटच्या रांगेत एक मूल कमी पडतं, तर कमीत कमी किती मुलं? ६, ८, ९ चा लसावि ७२, एक मूल आणखी असतं तर ७२ झाले असते, म्हणजे ७१. प्रत्येक वेळी एक मूल जास्त होत असेल तर ७३. इथे बाकी नंतर येते कारण ती आपल्या न सापडलेल्या संख्येला चिकटलेली आहे. उत्तर आल्यावर एकदा ९ ने भागून बघा, ७१ मध्ये ७ रांगा आणि ८ मुलं, बरोबर एक कमी. ही तपासणी दहा सेकंदांची आहे. पेन-पेन्सिलीत एक गोष्ट आणखी बघायची, मुलांची संख्या उरलेल्या वस्तूंपेक्षा जास्तच असली पाहिजे, ३ पेन उरले म्हणता आणि मुलं दोनच निघाली तर कुठेतरी चुकलंय, कारण दोन मुलं असती तर तीनातले दोन पेन आणखी वाटता आले असते.

एकदा बाकी किती ते सांगतच नाहीत, फक्त 'सारखीच बाकी उरते' म्हणतात. जसं ६२, १३२ आणि २३७ यांना कोणत्या मोठ्यात मोठ्या संख्येने भागलं तर सारखीच बाकी उरेल. इथे वजा काय करायचं ते माहीत नाही, मग त्या संख्या एकमेकींतून वजा करायच्या, म्हणजे बाकी आपोआप उडते, १३२ वजा ६२ सत्तर, २३७ वजा १३२ एकशे पाच. ७० आणि १०५ चा मसावि ३५. तपासा, ६२ मध्ये ३५ एकदा जाऊन २७, १३२ मध्ये तीनदा जाऊन २७, २३७ मध्ये सहादा जाऊन २७. हे आठवीच्या वरच्यांना द्या, लहानांना नको.

मापांचं एक राहिलं. खोली ४.२ मीटर बाय ३.५ मीटर दिली की मुलं दशांशचिन्ह विसरून ४२ आणि ३५ चा मसावि ७ काढतात आणि लिहितात ७ सेंटीमीटर, कधी कधी ७ मीटरसुद्धा. आधी दोन्ही सेंटीमीटरमध्ये न्या, ४२० आणि ३५०, मसावि ७०, बाजू ७० सेंटीमीटर, फरश्या ६ गुणिले ५ म्हणजे ३०.

आणि काही गणितांत या दोघांपैकी काहीच विचारलेलं नसतं. एक नळ टाकी ६ तासांत भरतो, दुसरा ८ तासांत, दोन्ही एकदम सोडले तर किती वेळात भरेल? मुलं लिहितात २४ तास. ६ तासांत एकटा भरणारा नळ मदतीला दुसरा आल्यावर २४ तास कसा घेईल! ने-लाचं वाक्य लिहायला सांगितलं तर ते जमतच नाही, वेळेला ६ ने भाग का जायला हवा याचं कारण मूल देऊ शकत नाही, आणि तीच खूण आहे. लसावि इथे सोयीसाठी वापरता येतो, टाकी २४ बादल्यांची धरली तर एक नळ तासाला ४ आणि दुसरा ३ बादल्या, मिळून ७, म्हणून २४ भागिले ७ तास, साडेतीन तासांच्या आत. पण तो हत्यार म्हणून आला, उत्तर म्हणून नाही.

घरी करून घ्यायचं असेल तर एक पद्धत सांगते जी मला लागू पडलेली आहे. पुस्तकातली या धड्याची दहा शाब्दिक उदाहरणं घ्या, सरमिसळ करून, आणि मुलाला सांगा की एकही सोडवायचं नाही, प्रत्येकाचं फक्त ने-लाचं वाक्य लिहायचं आणि समोर 'फूट', 'मिनिटं', 'मुलं' असं जे काढायचंय त्याचं नाव. आकडेमोड नसल्याने पंधरा-वीस मिनिटांत होतं आणि कंटाळाही येत नाही. वाक्य चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, 'मग ७० काय आहे?' सारखा प्रश्न विचारा आणि थांबा. दुसऱ्या दिवशी तीच दहा सोडवायला द्या. जो धडा दोन्ही प्रकार वेगवेगळे करून देतो, आधी मसाविची दहा आणि मग लसाविची दहा, त्यात निवडायचा प्रश्नच येत नाही, वरचं शीर्षक बघून मूल ठरवतं, म्हणून सरमिसळ पाहिजेच.

भाचीला आठ दिवसांनी मी उलटं काम दिलं, ३६ आणि ४८ हे आकडे देऊन म्हटलं एक मसाविचं आणि एक लसाविचं गणित तूच तयार कर, दोन्हीत वस्तू एकच हवी. तिने दोरी घेतली. पहिलं, ३६ फूट आणि ४८ फूट लांबीच्या दोन दोऱ्या आहेत, त्यांचे सारख्या लांबीचे, काही न उरता, कमीत कमी किती तुकडे होतील. दुसरं, दुकानात एका रंगाच्या दोरीचे तुकडे ३६ फुटाचे आणि दुसऱ्या रंगाचे ४८ फुटाचे मिळतात, तुकडे जोडून दोन रंगांच्या सारख्या लांबीच्या मोठ्या दोऱ्या करायच्या, तर कमीत कमी लांबी किती. 'कमीत कमी' तिने दोन्हीत मुद्दाम घातलं होतं. पहिल्याचं उत्तर ७ तुकडे, दुसऱ्याचं १४४ फूट, आणि पहिल्यात समासात पेन्सिलने लिहिलं होतं, 'तुकड्याने ३६ ला ४८ ला, म. १२ फूट, मग ३ + ४'.